एक गेलं, तर हिस्सा कोणाचा?

मागच्या बैठकीत आपण पीक कर्जाच्या कागदांबद्दल बोललो होतो. तेव्हा काही जणींनी विचारलं होतं, "ताई, जमीन दोघांच्या नावावर असली आणि त्यातलं एक माणूस गेलं, तर पुढं काय?" आज त्याच प्रश्नावर बोलू. हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल, पण आकडे येतील तेव्हा जरा लक्ष द्या.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एक आक्का मागे थांबली. तिचे मालक गेल्या वर्षी वारले. २००९ साली दोघांनी मिळून ८० आर जमीन विकत घेतली होती, म्हणजे जवळजवळ दोन एकर. खरेदीखत दोघांच्या नावाने, सातबाऱ्यावरही दोघांची नावं. आक्का म्हणाली, "ताई, खरेदीखतवर मनं बी नाव से. मालक गयात, मंग आते सगळी जमीन मनीच व्हयनी ना?"

तेवढ्यात तिचे दीर गटाच्या खोलीबाहेर आले होते. त्यांचं म्हणणं वेगळं. भावाचा अर्धा हिस्सा हा घराण्याचा, तो आमच्या घरातच राहील, वहिनीने तिचा अर्धा पाहावा.

आम्ही दोघांचंही ऐकून घेतलं. आक्काचं म्हणणं बरोबर नव्हतं, आणि दिरांचंही नव्हतं. गंमत अशी, की दोघांची चूक एकच होती. मेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्याबरोबरच्या जिवंत माणसाकडे आपोआप सरकतो, असं दोघांनीही धरलं होतं. आक्काला वाटलं तो बायकोकडे सरकला, दिरांना वाटलं भावाकडे. असा हिस्सा कधी सरकतो आणि कधी सरकत नाही, एवढं कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

मालकीचे दोन प्रकार

एकापेक्षा जास्त माणसांची मालकी दोन प्रकारची असू शकते. वकील लोक पहिलीला जॉइंट टेनन्सी म्हणतात, दुसरीला टेनन्सी इन कॉमन. यात टेनन्सी म्हणजे कूळ नव्हे, कूळकायद्याशी याचा काही संबंध नाही. आपण पहिलीला संयुक्त मालकी म्हणू आणि दुसरीला हिश्श्याची मालकी.

हिश्श्याची मालकी आपल्याला विहिरीवरून चटकन कळते. एका विहिरीत तिघांचे हिस्से असतात. एकाचे आठ आणे, बाकी दोघांचे चार-चार आणे. विहीर एकच, पाणी एकच, कुणाचं पाणी कुठलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पण हिस्सा ठरलेला असतो आणि त्याप्रमाणे पाण्याची पाळी लागते. आता चार आणेवाला वारला, तर त्याची पाळी आठ आणेवाल्याला मिळते का? नाही. त्याची बायको आणि मुलं त्याच्या पाळीला मोटर चालू करतात. ही झाली हिश्श्याची मालकी. हिस्सा मेलेल्या माणसाच्या वारसांकडे जातो, बरोबरच्या मालकाकडे जात नाही.

संयुक्त मालकीत हिस्से पाडलेलेच नसतात. दोघं मिळून सगळ्याचे मालक. एक गेला की त्याचं नाव गळतं, आणि जो मागे राहिला तो आपोआप सगळ्याचा मालक होतो. गेलेल्याच्या मुलाबाळांना त्यातलं काही मिळत नाही, कारण त्याचा वेगळा असा हिस्साच नव्हता. मागे राहणाऱ्याच्या या हक्काला कायद्याच्या पुस्तकात उत्तरजीवित्व म्हणतात. आपण त्याला "हयात राहील त्याचं" असं म्हणू. इंग्लंडात नवरा-बायको घर घेतात तेव्हा बहुतेक वेळा याच प्रकारे घेतात. तिथं आक्काचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

आपल्याकडे कुठला प्रकार चालतो?

आपल्याकडे दोघांनी मिळून जमीन किंवा घर विकत घेतलं, तर ती हिश्श्याची मालकी धरली जाते. हे फार जुनं ठरलेलं आहे. १८९६ साली, इंग्रजांच्या राज्यात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका हिंदुस्थानी खटल्यात सांगितलं, की एकत्र कुटुंबाची मिळकत सोडली तर हिंदू कायद्याला संयुक्त मालकी माहीतच नाही. दस्तात "एकाच्या मृत्यूनंतर सर्व मिळकत हयात असणाऱ्याची होईल" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण आमच्या पाहण्यातल्या खरेदीखतांत असं वाक्य नसतं. दोन नावं नुसती शेजारी-शेजारी लिहिल्याने ते होत नाही.

हिस्से किती, हे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ४५ मध्ये आहे. दोघांनी किती पैसे घातले याचा पुरावा असेल तर त्या प्रमाणात हिस्से. पुरावा नसेल तर दोघांचे समान. म्हणून खरेदीखत करतानाच "दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा" असं लिहून घेतलं तर पुढं वाद राहत नाही. आक्काच्या खरेदीखतात तसं लिहिलेलं होतं. तेवढं तिचं नशीब.

वारसांनाही हेच लागू होतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की दोन किंवा जास्त वारसांना एकत्र मिळकत मिळाली तर ते हिश्श्याचे मालक होतात, संयुक्त मालक होत नाहीत. म्हणजे बापाच्या मागे तीन भावंडांची नावं लागली आणि त्यातलं एक गेलं, तर त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांना वाटला जात नाही. तो त्याच्या बायकोला आणि मुलांना जातो.

मग दिरांना तसं का वाटलं?

दिरांच्या मनात जुना नियम होता, आणि तो एके काळी खरा होता. वडिलोपार्जित मिळकतीत एकत्र कुटुंबातले पुरुष "हयात राहील त्याचं" या नियमाने मालक असत. भाऊ वारला की त्याचा वाटा उरलेल्या भावांमध्ये मिसळून जाई. विधवेला पोटगी तेवढी मिळे. १९३७ च्या कायद्याने तिला हयातीपुरता हक्क मिळाला आणि १९५६ च्या कायद्याने पूर्ण मालकी. पण १९५६ मध्येही तो जुना नियम पूर्ण गेला नाही. फक्त एक अपवाद घातला गेला. वारलेल्या पुरुषामागे बायको, मुलगी, आई अशी जवळची बाईमाणसं असतील, तर त्याचा वाटा भावांत न मिसळता वारसांकडे जाईल, असा तो अपवाद.

तो वाटा मोजायचा कसा, यावर आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईने सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. खटल्याचं नाव गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम. हिराबाईंचे पती खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत म्हणजे दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं. हिराबाईंनी सांगलीच्या न्यायालयात वाटपाचा दावा लावला आणि चोविसात सात वाटे मागितले.

हा सात कुठून आला ते पाहा. समजा सगळ्या मिळकतीच्या २४ ओंजळी केल्या. आधी अशी कल्पना करायची, की पती वारण्याच्या क्षणाआधी घरात वाटप झालं. तसं वाटप झालं असतं तर नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते, प्रत्येकी ६ ओंजळी. त्या काळी मुलींना वाटपात वाटा नव्हता. आता नवरा वारला, म्हणून त्याच्या ६ ओंजळी त्याच्या सहा वारसांत वाटायच्या, म्हणजे बायको, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला १ ओंजळ. हिराबाईंच्या पदरात वाटपाच्या ६ आणि वारसाची १, अशा ७ पडल्या.

खालच्या कोर्टाने त्यांना एकच ओंजळ द्यायचं ठरवलं होतं. वाटपाच्या सहा आणि वारसाची एक यांची बेरीज करायला ते तयार नव्हतं. हायकोर्टाने बेरीज मान्य केली, आणि २७ एप्रिल १९७८ रोजी सुप्रीम कोर्टानेही केली. निकाल देणारे सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. आईला एक ओंजळ की सात, एवढा फरक त्या बेरजेने पडला.

पण मुलींकडे बघा. प्रत्येक मुलीला एकच ओंजळ, आणि प्रत्येक मुलाला सात. हे पुढे बदललं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटा दिला, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली असो वा नसो, सगळ्या मुलींना मुलासारखाच वाटा मिळाला. त्याच दुरुस्तीने "हयात राहील त्याचं" हा एकत्र कुटुंबातला जुना नियमही बंद केला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं, की मुलीला हा हक्क मिळण्यासाठी २००५ मध्ये बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटपं उकरून काढता येत नाहीत.

आता हिराबाईंचंच घर आजच्या कायद्याने मोजू. नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली असे सात वाटे पडतील. नवऱ्याचा सातवा वाटा पुन्हा उरलेल्या सहा जणांत सारखा वाटला जाईल. म्हणजे शेवटी सहाही जणांना सारखंच, २४ पैकी चार-चार ओंजळी. मुलगी एका ओंजळीवरून चारवर आली.

दिरांचा जुना नियम २००५ पासून चालत नाही. शिवाय आक्काची जमीन वडिलोपार्जित नव्हतीच, नवरा-बायकोने विकत घेतलेली होती. तिथं तो नियम कधीच लागू नव्हता.

आक्काचे ८० आर

चला, आता आक्काच्या जमिनीचा हिशोब मांडू. खरेदीखतात निम्मा-निम्मा हिस्सा, म्हणून ४० आर आक्काचे, ४० आर मालकांचे. आक्काचे ४० आर तिचेच आहेत. मालक वारले म्हणून त्यांना हात लागत नाही, त्यांची वारसनोंदही करायची नाही. वारसाचा प्रश्न फक्त मालकांच्या ४० आरचा.

मालकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तेव्हा पहिल्या वर्गाचे वारस पाहायचे. बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि मालकांची आई, यांना एक-एक वाटा. आक्काला एक मुलगा आणि दोन मुली, थोरली पारोळ्याला दिलेली. सासूबाई हयात आहेत. एकूण पाच वाटे, प्रत्येकी ८ आर. आक्काकडे स्वतःचे ४० आणि वारसाचे ८, मिळून ४८ आर. मुलाचे ८, दोन्ही मुलींचे ८-८, सासूबाईंचे ८.

सासऱ्यांचं नाव यात नाही, कारण ते आधीच वारले होते. हयात असते तरी मिळालं नसतं. आई पहिल्या वर्गात आहे, वडील दुसऱ्या वर्गात. भाऊही दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातला एक जरी वारस असला तरी दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. म्हणून दिरांना आज शून्य.

"आज" म्हटलं ते मुद्दाम. कारण सासूबाईंचे ८ आर आता त्यांच्या पूर्ण मालकीचे झाले. उद्या त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचे ८ आर त्यांच्या मुलांना आणि मुलींना जातील. दिराला एक वाटा, नणंदेला एक वाटा, आणि वारलेल्या मुलाचा एक वाटा त्याच्या तीन मुलांना मिळून. सुनेला, म्हणजे आक्काला, सासूच्या मिळकतीत या यादीत जागा नाही. अशा रीतीने दीर दोन-पावणेतीन आरचे मालक होऊन त्या शेतात येतील. हे कुणाला टाळायचं असेल तर ते सासूबाईंच्या हयातीत, त्यांच्या इच्छेने, मृत्युपत्राने किंवा नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्रानेच टळतं.

उलट घडलं असतं तर? आक्का आधी गेली असती तर तिचे ४० आर नवरा, मुलगा आणि दोन मुली अशा चौघांत १०-१० आर वाटले गेले असते. सासूबाईंना त्यात काही नाही. बाईच्या वारसांची यादी पुरुषाच्या यादीपेक्षा वेगळी आहे, हे लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट आम्ही प्रत्येक गटात दोनदा सांगतो. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या कष्टाने घेतलेली जमीनही नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे येतात. माहेरून आईवडिलांकडून वारसाने आलेली तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

कागदावर काय करायचं, कुठं चुकतं

वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज होतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मग फेरफार नोंद धरली जाते, सगळ्यांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद तक्रारीत जाते आणि सुनावणी होते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी २०२५ मध्ये सरकारने "जिवंत सातबारा" मोहीमही घेतली.

नवा सातबारा हातात आला की तिथंच उभं राहून तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, सगळ्या वारसांची नावं आहेत का. बहुतेक वेळा लग्न झालेल्या मुलीचं नाव राहून जातं, कधी "बहीण भांडणार नाही" म्हणून मुद्दाम गाळलेलं असतं. दुसरी, बायकांची नावं कुठल्या रकान्यात आहेत. कितीतरी सातबाऱ्यांवर मुलाचं नाव मालकाच्या रकान्यात आणि आईचं, बहिणींचं नाव "इतर हक्क" मध्ये टाकलेलं आम्ही पाहिलं आहे. वारस म्हणून नाव लागत असेल तर ते खातेदार म्हणून, मालकाच्या रकान्यातच लागायला हवं. तिसरी, एकट्या मोठ्या मुलाचं नाव लावून पुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलंय का. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ती सगळ्यांची जमीन असते, पण कागदावर एकच माणूस दिसतो, आणि पुढच्या पिढीला ती एकट्याचीच वाटू लागते.

आक्काच्या सातबाऱ्यावर आता पाच नावं आहेत आणि पुढे "सामाईक क्षेत्र" लिहिलं आहे. त्यावरून कुणाचे किती आर ते कळत नाही. आक्का घाबरली, तिला वाटलं आपण पाचात एक झालो, १६ आरवर आलो. तसं नाही. सातबारा महसुलासाठी असतो. मालकी किती, ते खरेदीखत आणि वारसा कायदा ठरवतो. म्हणून २००९ चं खरेदीखत आणि वारसाचा फेरफार, दोन्ही जपून ठेवायचे. एकावरून तिचे ४० दिसतात, दुसऱ्यावरून ८.

दुसरी चूक हक्कसोडीची. धाकट्या मुलीने भावासाठी साध्या कागदावर लिहून दिलं होतं, "मला काही नको." तशा कागदाने हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. पण याची दुसरी बाजूही पाहा. एकदा ते नोंदवलं की हिस्सा गेला. नंतर पश्चात्ताप झाला म्हणून तो परत येत नाही. राखीपौर्णिमेला माहेरी गेलेल्या बाईला "जरा तालुक्याला जाऊन येऊ, वारसाचं काम आहे" असं सांगून नेलं जातं. वारसनोंदीसाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावं लागत नाही. तिथं अंगठा घेत असतील तर तो दस्त वेगळा आहे, एवढी खूण ध्यानात ठेवा. वाचून घेतल्याशिवाय सही नाही.

विकायचं किंवा वेगळं करायचं असेल तर

हिश्श्याच्या मालकीत प्रत्येकाला आपला हिस्सा विकता येतो, दुसऱ्यांच्या सहीची गरज नसते. पण वाटप होईपर्यंत "बांधाकडचा तुकडा माझा" असं म्हणून ठरावीक जागा विकता येत नाही, हिस्सा तेवढा विकता येतो. शिवाय वारसाने आलेला हिस्सा बाहेरच्याला विकायचा असेल, तर सोबतच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हे वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं.

सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. राजी नसतील तर दिवाणी कोर्टात दावा. पण इथं तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत २० आर आणि बागायत १० आर याहून लहान तुकडा वेगळा काढता येत नाही. आक्काच्या मुलींचे ८-८ आर म्हणून वेगळे कापता येत नाहीत. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एकत्र नावावर राहून उत्पन्नातला वाटा घ्यायचा, किंवा घरातल्या एकाने मोबदला देऊन बाकीच्यांचे हिस्से घ्यायचे. आक्काच्या घरी सध्या पहिली वाट धरली आहे. कपाशी विकली की हिशोब वहीत लिहितात, आणि पारोळ्याच्या मुलीचा वाटा तिच्या खात्यात जातो.

"हयात राहील त्याचं" हवंच असेल तर

काही जोडप्यांची खरोखर इच्छा असते, की एक गेला तर सगळं दुसऱ्याचं व्हावं. दोन नावं लावून ते होत नाही, हे आपण पाहिलं. त्यासाठी दोघांनी आपापलं मृत्युपत्र करायचं. नवऱ्याने आपला हिस्सा बायकोला, बायकोने आपला नवऱ्याला. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, आणि त्या दोघांनीही सही करायची. ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आक्काच्या मालकांनी एवढं एक पान लिहून ठेवलं असतं तर ८० च्या ८० आर तिचे झाले असते.

बँकेच्या खात्यावरून गोंधळ होतो, तोही सांगून टाकू. खात्यावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं लिहिलेलं असतं. त्याने बँक हयात असलेल्याला पैसे देते, एवढंच. ते पैसे वारसांना मागता येतात. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण त्यामुळे वारसांचा हक्क बुडत नाही.

आज सांगितलेला वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम मैत्रिणींना त्यांच्या कायद्याप्रमाणे ठरलेले हिस्से मिळतात. मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा. तिथंही वारस हिश्श्याचेच मालक असतात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल भागातल्या आदिवासी मैत्रिणींना १९५६ चा कायदा थेट लागू होत नाही, त्यांच्यात रूढी पाहिली जाते. पण रूढीच्या नावाखाली बाईला वाटा नाकारणं योग्य नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं आहे. अशा वेळी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, नाहीतर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. तिथं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचा सातबारा, आठ-अ आणि असेल तर खरेदीखत आणायचं. आपण एकेक कागद उघडून पाहू. नावं कुणाची, ती कुठल्या रकान्यात, आणि त्यातलं कोण आज हयात नाही. आक्काही येणार आहे. तिने सासूबाईंनाही आणायचं कबूल केलंय. त्या म्हणाल्या, "मना आठ आरनं मीच सांगसू." ते त्यांनीच सांगायचं आहे.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.